आईचे डोळे तेवढे उघडून द्या

श्रावणात वाईतल्या एका वाड्यात आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. जेवणाच्या पंगती बसायच्या आधी चौकात सगळ्या घरादाराचा एक फोटो काढायचा, आणि तो वीस बाय तीस इंचात छापून सोप्यात लावायचा, असं ठरलं होतं. माणसं एकोणीस. पुढे खुर्च्यांवर आजोबा-आजी, आजोबांच्या मांडीवर चौदा महिन्यांची पणती, मागे दोन रांगा. मी सात फ्रेम काढल्या, पंगत वाट बघत होती म्हणून थांबलो, आणि घरी येऊन फोटो निवडायला पाठवले. दुसऱ्या दिवशी थोरल्या चिरंजीवांचा फोन आला, "दादा, चौथा फोटो फायनल. फक्त आईचे डोळे तेवढे उघडून द्या."

पन्नाशीच्या गृहस्थांनी ते अगदी सहज सांगितलं, जणू खिडकीच उघडायची आहे. पुढे ते काम दोन तासांचं झालं, त्यातला पहिला तास वाया गेला. तो का वाया गेला, हे सांगण्यासाठीच हे प्रकरण लिहितो आहे.

सातच फ्रेम का पुरल्या नाहीत

ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेतले पिअर्स बार्न्स आणि निक स्वेन्सन यांनी समूहफोटोतल्या मिटलेल्या डोळ्यांचा हिशोब मांडला होता. २००६ साली त्यांना त्याबद्दल गणिताचं इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. त्यांचा व्यवहारी नियम सोपा आहे : वीसपेक्षा कमी माणसं असतील, तर उजेड चांगला असताना माणसांच्या संख्येला तीनने भागा आणि उजेड कमी असताना दोनने. येईल तितक्या फ्रेम काढल्या, की सगळ्यांचे डोळे उघडे असलेली निदान एक फ्रेम मिळण्याची बऱ्यापैकी खात्री. एकोणीसला तीनने भागून मी सात काढल्या. पण श्रावणातलं आभाळ, चारी बाजूंनी भिंती, शटर १/१०० आणि आयएसओ ८००. हा कमी उजेडच म्हणायचा. म्हणजे दहा काढायला हव्या होत्या.

तरी हा नियम फक्त पापण्यांचा आहे. मांडीवरचं लेकरू कॅमेऱ्याकडे कधी बघेल, हे त्यात धरलेलं नाही. आमच्या पणतीबाईंनी सातांपैकी नेमक्या चौथ्या फ्रेममध्ये लेन्सकडे बघितलं, तेही हसून. त्याच क्षणी आजीची पापणी पडली.

इथे पहिला निर्णय घ्यावा लागतो : कोणती फ्रेम मूळ धरायची? सहाव्या फ्रेममध्ये आजी उत्तम होत्या, पण पणती खाली बघत होती आणि मागच्या रांगेतले दोघं आपापसात बोलत होते. सहावी मूळ धरली असती तर तीन चेहरे बदलावे लागले असते, आणि त्यातला एक लहान मुलाचा, ज्याचं जावळ आजोबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पसरलेलं होतं. त्या पिसांसारख्या केसांची कड कापणं म्हणजे शिक्षा. आजी मात्र डोक्यावरून पदर घेऊन बसल्या होत्या. पदराने चेहऱ्याभोवती आयतीच चौकट केली होती. चौथी फ्रेम मूळ, आजींचा एकच चेहरा बदलायचा, हे ठरायला वेळ लागला नाही.

आणखी एक गोष्ट आधी तपासून घ्यावी. मिटलेले डोळे दर वेळी दोष नसतात. माणूस मनापासून हसतो तेव्हा गाल वर चढतात, खालची पापणी वर येते आणि डोळे बारीक होतात. तसे डोळे मी कधीच 'दुरुस्त' करत नाही. पापणी लवताना मात्र फक्त वरची पापणी खाली येते आणि खालची जागेवरच राहते. आजींच्या बाबतीत दोन्ही एकदम झालं होतं. पणतीच्या करामतीने त्या हसायला लागल्या होत्या आणि त्यातच पापणी लवली होती. वरच्या पापणीखाली पांढऱ्याची बारीक रेघ दिसत होती, त्यामुळे त्या हसताना दिसण्याऐवजी पेंगुळलेल्या दिसत होत्या. चिरंजीवांना तेच खटकलं होतं, आणि ते बरोबर होतं.

वाया गेलेला तास

मी आधी जे केलं ते बहुतेक जण करतात. सहाव्या फ्रेममधले दोन डोळे, भुवयांपासून गालाच्या वरच्या कडेपर्यंत, दोन लंबगोलांत कापून चौथ्या फ्रेमवर ठेवले. रंग जुळवला, कडा मऊ केल्या. शंभर टक्के झूमवर काम सुबक दिसत होतं. झूम कमी केला आणि आजी दचकल्यासारख्या दिसायला लागल्या.

कारण साधं होतं. फ्रान्समधले डॉक्टर द्यूशेन यांनी १८६२ सालीच दाखवून दिलं होतं, की खऱ्या हसण्यात तोंडाबरोबर डोळ्याभोवतीचा गोल स्नायूही आकसतो. तो इच्छेने सहज हलत नाही. आपण सगळे ही खूण नकळत वाचत असतो. चौथ्या फ्रेममध्ये आजींचे गाल वर चढलेले, डोळ्यांच्या कडेला सुरकुत्यांचे पंखे फुटलेले. सहाव्या फ्रेममध्ये त्या शांत होत्या, ओठ मिटून मंद हसत होत्या. मी शांत चेहऱ्याचे टपोरे डोळे हसऱ्या गालांवर बसवले होते. एका चेहऱ्यावर दोन माणसं बसली होती.

मग मी सुरकुत्या उसन्या आणायला निघालो, खालची पापणी थोडी वर ढकलली, Liquify मध्ये जाऊन डोळे बारीक केले. प्रत्येक दुरुस्तीने चेहरा आजींपासून आणखी लांब गेला. तासाभराने सगळे लेअर काढून टाकले.

भाव जिथे बदलला आहे तिथे डोळे एकटे येऊ शकत नाहीत. गाल, तोंड, हनुवटी सगळं बरोबर आलं पाहिजे. डोळ्यांपुरतं कापणं चालतं ते फक्त एकाच बर्स्टमधल्या, सेकंदाच्या अंशाने पुढेमागे असलेल्या दोन फ्रेममध्ये, जिथे बाकी चेहरा हललेलाच नसतो. याची किंमतही आहे : पूर्ण चेहरा आणला की चौथ्या फ्रेममधलं हसू जातं. मी चिरंजीवांना फोन करून तसं स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, "आई फोटोत एरवीही हसत नाही. शांत असू दे." मग काम सोपं झालं.

दाता चेहरा कुठून घ्यायचा

उरलेल्या सहा फ्रेममध्ये आजींचे डोळे उघडे होते, पण वापरता येण्यासारखी जेमतेम एक. पहिलीत त्या पदर सारखा करत होत्या, हात हनुवटीपुढे होता. दुसरीत पणतीकडे बघत होत्या. तिसरीत मान हलल्यामुळे चेहरा पुसट; १/१०० ला हे होतंच. सातवीत पणती रडायला लागली होती आणि बाकी सगळे तिच्याकडे बघत होते. राहिल्या पाचवी आणि सहावी.

नुसते डोळे पाहिले तर पाचवीतले डोळे जास्त सुंदर होते. टवटवीत, थोडे मिश्किल. पण आजी तेव्हा आजोबांशी काहीतरी बोलायला वळल्या होत्या. किती वळल्या होत्या, हे नजरेने नक्की कळत नाही. इथे चष्मा कामाला आला. चेहऱ्यावरची प्रत्येक गोष्ट भावाबरोबर हलते. चष्म्याची फ्रेम मात्र ताठ असते, ती आयती मोजपट्टी. Photoshop मधल्या Ruler Tool ने मी तीनही फ्रेममध्ये चष्म्याची रुंदी आणि काचेची उंची मोजली.

चौथ्या फ्रेममध्ये रुंदी १९६ पिक्सेल, उंची ७३. सहाव्या फ्रेममध्ये १८८ आणि ७०. दोन्ही मापं सारख्याच प्रमाणात, साधारण चार टक्क्यांनी कमी. याचा अर्थ मान वळलेली नाही, आजी फक्त कॅमेऱ्यापासून थोड्या लांब गेल्या आहेत. मी चार मीटरवर उभा होतो. चार मीटरचे चार टक्के म्हणजे वीतभर. फोटोत बघितलं तर खरंच, त्या खुर्चीला टेकून बसल्या होत्या. पाचव्या फ्रेममध्ये उंची ७२, म्हणजे अंतर जवळपास तेच, पण रुंदी १८०. उंची तशीच राहून रुंदी आकसली की समजायचं, चेहरा वळलाय. इथे वीसेक अंश. मान वळलेला चेहरा समोर बघणाऱ्या खांद्यांवर बसवला की नाक एका बाजूला आणि हनुवटी दुसऱ्या बाजूला जाते, आणि ते कुठल्याही ब्रशने सुधारत नाही. शिवाय वळल्यामुळे पाचवीत डाव्या काचेवर आभाळाचा पांढरा चट्टा आला होता. चष्म्यावरची चमक काढणं हे डोळे उघडण्यापेक्षा मोठं काम आहे. त्या चट्ट्याखाली डोळा नोंदवलेलाच नसतो.

आकार आणि उजेड बदलता येतो, डोक्याचा कोन बदलता येत नाही. सहावी घेतली.

तिच्यातही एक खोट होती. चौथ्या आणि पाचव्या फ्रेमच्या मध्ये मी अर्धं पाऊल डावीकडे सरकलो होतो, कारण मागचा लाकडी खांब धाकट्या सुनेच्या डोक्यातून उगवल्यासारखा दिसत होता. तिपाई गाडीतच राहिली होती. चौकात पाय ठेवायला जागा नव्हती हे खरं, पण कंटाळा केला हेही खरं. त्याच दरम्यान ढग आला होता. नजरेचं काय होईल अशी शंका येऊ शकते, पण त्याची चिंता नाही. मी सरकलो तरी आजी लेन्सकडेच बघत होत्या, आणि लेन्सकडे बघणारे डोळे फोटोत कुठेही ठेवले तरी बघणाऱ्याकडेच बघतात.

उजेड आधी, कापाकापी नंतर

रंग जुळवायचं काम मी रॉ फाइलवर जितकं होईल तितकं उरकतो. जेपीजीमध्ये चेहरा उजळायला गेलं की कातडीवर पट्टे पडतात. चौथ्या फ्रेमची सगळी सेटिंग Camera Raw मध्ये सहावीला लावली आणि मग फरक तेवढा भरून काढला : Exposure +०.४५, आणि ढगाखालचा उजेड निळसर असतो म्हणून Temperature ५४०० वरून ५७५०. इथे चेहऱ्याकडे बघून जुळवायचं नाही. भाव वेगळा असला की गालावरच्या सावल्या वेगळ्या असतात आणि डोळा फसतो. मी पदराचा काठ, चष्म्याची फ्रेम आणि मांडीवरचे हात या तीन ठिकाणी Color Sampler ठेवून दोन्ही फ्रेमचे आकडे जवळ आणले.

पण ढग नुसता अंधार करत नाही, तो उजेड सपाट करतो. चौथ्या फ्रेममध्ये पातळ ऊन उजवीकडून येत होतं. सगळ्यांच्या नाकाच्या डाव्या बाजूला आणि हनुवटीखाली मऊ सावली होती. सहाव्या फ्रेममध्ये ती जवळजवळ नव्हती. एक्स्पोजर कितीही चढवलं तरी सावली परत येत नाही. ते काम पुढे लेअरवर करायचं ठेवलं.

बसवणं

Edit > Auto-Align Layers ही आज्ञा मी सवयीने वापरून पाहिली आणि परत घेतली. तिपाईवरच्या फ्रेमना ती चांगली बसते. पण माणूस सरकलेला असेल तर ती चित्रात जिथे जास्त ठळक खुणा आहेत ते जुळवते, आणि आमच्या चित्रात ठळक होती ती मागची दगडी भिंत आणि खांब. भिंत सहा मीटरवर, आजी चार मीटरवर. भिंत अगदी नेमकी जुळली आणि आजी शंभरेक पिक्सेल बाजूला सरकल्या. चालत्या गाडीतून बघताना जवळची झाडं पळतात आणि लांबचा डोंगर जागेवर राहतो, तसंच हे. माणूस जुळवायचा तर माणसावरच जुळवला पाहिजे.

म्हणून हाताने. सहाव्या फ्रेममध्ये आजींच्या डोक्याभोवती खांद्यांसकट मोठा फास टाकून तो भाग चौथ्या फ्रेमवर आणला. मोठा घ्यायचं कारण असं, की शिवण कुठून न्यायची हे आत्ता ठरलेलं नसतं. Ctrl+T दाबून आकार १०४.३ टक्के केला. हा आकडा चष्म्याने दिलेला, १९६ भागिले १८८. अंदाजाने मूठ धरून ओढलं असतं तर मी नक्की मोठा केला असता. चेहरा नीट दिसावा या ओढीने हात नेहमी मोठ्या बाजूला जातो, आणि मग पुढच्या रांगेतलं एकच माणूस किंचित थोराड दिसतं.

मग लेअरचा ब्लेंड मोड Difference केला. या मोडमध्ये दोन्ही लेअर जिथे सारखे तिथे काळं दिसतं, फरक असेल तिथे उजळ रेघा. चष्म्याच्या वरच्या कडेची जोडरेघ नाहीशी होईपर्यंत लेअर सरकवला, अडीच अंश फिरवला. डोळे आणि ओठ उजळ राहणारच, ते तर बदलायचेच आहेत. पण चष्म्याचा पूल, नाकाचं मूळ आणि नाकपुड्यांची खालची कड काळी झाली की डोकं जागेवर बसलं समजायचं. नंतर मोड परत Normal.

शिवण कुठून न्यायची

या कामात खरा वेळ इथे द्यावा. Alt दाबून मास्कच्या चिन्हावर क्लिक केलं की काळा मास्क येतो आणि वरचा लेअर पूर्ण लपतो. मग पांढऱ्या ब्रशने हवं तेवढंच उघडत जायचं. शिकाऊ मुलं मऊ ब्रश घेऊन चेहऱ्याच्या मधून मधून घासत जातात. मऊ कड म्हणजे दोन चित्रांचं अर्धं-अर्धं मिश्रण. सपाट कातडीवर ते खपतं, पण पापणीवर, सुरकुतीवर, चष्म्याच्या कडेवर ते भुतासारखं दुहेरी दिसतं. म्हणून जिथे बारकावे आहेत तिथे मास्क एकतर पूर्ण पांढरा हवा किंवा पूर्ण काळा.

चांगली शिवण चित्रात आधीच असलेल्या रेघेवरून जाते. कपड्याची शिवण घडीत लपवतात तशी. आजींच्या चेहऱ्याला ती रेघ पदराने दिली होती : कपाळावर भांगापाशी सुरू होऊन दोन्ही कानशिलांवरून खाली उतरणारी पदराची आतली कड. पदर चौथ्या फ्रेमचाच ठेवला. त्याची बाहेरची कड मागे उभ्या असलेल्या मुलाच्या पांढऱ्या झब्ब्यावर होती. तिला हात लावला असता तर डाळिंबी रंगाची झालर पांढऱ्यावर उमटली असती. कपाळावर केसांची पांढरी मुळं होती, तिथे शिवण केसांच्या आत नेली, कारण कपाळाच्या उघड्या कातडीवर ती लपली नसती. कुंकू सहाव्या फ्रेमचंच आलं. दोन्हीकडचं थोडं थोडं येऊन ते लांबट झालं नाही ना, एवढं बघितलं.

खालची बाजू अवघड. हनुवटीपाशी थांबायचा मोह होतो, पण हनुवटीची सावली मानेवर पडते आणि ती हनुवटीची असते, मानेची नसते. चेहरा सहाव्यातला आणि सावली चौथ्यातली राहिली तर डोकं तरंगतं. बघणाऱ्याला नक्की काय चुकलं ते सांगता येत नाही, पण 'चिकटवलंय' हे तो लगेच सांगतो. म्हणून शिवण हनुवटीच्या खाली बोटभर नेली, मानेवरच्या आडव्या वळीतून, आणि मंगळसूत्राच्या वर थांबवली. मंगळसूत्र, खांदे, हात मूळ फ्रेमचेच राहिले.

मग राहिलेली सावली. चेहऱ्याच्या लेअरला क्लिप केलेला एक Curves लेअर घेऊन गडद भाग थोडे खाली ओढले. वर एक रिकामा लेअर Multiply मोडमध्ये, त्यावर गालाच्याच सावलीतून उचललेला तपकिरी रंग, मऊ ब्रश, Flow पाच टक्के. नाकाच्या डाव्या कडेला आणि हनुवटीखाली चार-पाच हात. शेजारी बसलेल्या आजोबांच्या नाकाची सावली नमुना म्हणून समोर होतीच. तिच्या निम्म्यावर मी थांबलो. आजींना सावलीत म्हाताऱ्या करायचं काम कुणी दिलं नव्हतं. चेहऱ्याचा उजेड नेमका झाला का, हे ठरवायला मी मांडीवरचे हात बघतो. हात मूळ फ्रेमचे असतात, ते खोटं बोलत नाहीत. चेहरा हातांपेक्षा उजळ दिसला की कामाची चोरी पकडली गेली. माझा पहिल्या वेळी दिसला, Curves थोडा उतरवला.

शेवटी दाणा. दोन्ही फ्रेम आयएसओ ८०० च्या, तरी आणलेला चेहरा चार टक्के ताणलेला आणि उजळलेला. ताणल्याने दाणा पसरतो, चेहरा साबणाने धुतल्यासारखा गुळगुळीत दिसतो. Filter > Noise > Add Noise, दीड टक्का, Gaussian आणि Monochromatic. मागच्या मानेशी शंभर टक्के झूमवर ताडून बघितलं. याहून जास्त करू नये.

काय निसटलं

काम झालं की लेअर बंद-चालू करून बघायची मला खोड आहे. ती तपासणीची पद्धत म्हणून वाईट आहे, कारण त्यात बदल दिसतो, चूक दिसत नाही. त्यापेक्षा चित्र आडवं उलटवावं, Image > Image Rotation > Flip Canvas Horizontal, म्हणजे ओळखीचा चेहरा अनोळखी होतो. मग काय बदललंय हे माहीत नसलेल्या कुणाला तरी दाखवावं. मी बारा बाय अठराची चाचणी प्रिंट काढून घरात टेबलावर ठेवली आणि बायकोला विचारलं, "यात काय खटकतं?" तिने दोन मिनिटं बघून मागच्या रांगेतल्या एका भाच्याकडे बोट दाखवलं. "याचा शर्ट बघा, बटण वर-खाली लागलंय." आजींवर तिची नजर क्षणभरही अडली नव्हती. मी मनात पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीच्या उजेडात मीच तीच प्रिंट हातात घेतली, आणि उजव्या कानशिलावर चष्म्याच्या काड्या दोन दिसल्या. एक सहाव्या फ्रेमची, ती पदराच्या कडेपाशी संपत होती. आणि तिच्या किंचित खाली मूळ चौथ्या फ्रेमचं टोक, पदरात शिरताना उरलेलं. मी डोकं अडीच अंश फिरवलं होतं, पुढून चष्मा तंतोतंत जुळला होता, पण काडी मागे जाते आणि आजी टेकून बसल्यामुळे तिचा उतार बदलला होता. टोकाशी फरक तीन पिक्सेलचा. वीस बाय तीसच्या प्रिंटमध्ये सहा हजार पिक्सेल तीस इंचांत बसतात, म्हणजे इंचाला दोनशे. तीन पिक्सेल म्हणजे मिलिमीटरच्या अर्ध्याहून कमी. लांबून दिसलं नसतं. पण घरातल्या फोटोत लोक आपापल्या माणसाच्या अगदी जवळ जाऊन बघतात.

मास्क थोडा मागे नेऊन मूळ टोक झाकलं, आणि नवीन काडी पदरापर्यंत पोचत नव्हती तो दोन पिक्सेलांचा तुकडा Clone Stamp ने पुरा केला. त्यानंतर मी चष्मेवाल्या माणसाचं काम करताना काडीचं मागचं टोक सगळ्यात आधी बघतो.

फाइल देताना दोन दिल्या : छापायची दुरुस्त केलेली, आणि चौथी फ्रेम जशीच्या तशी. घरच्या भिंतीवर लावायच्या फोटोत असा चेहरा बदलण्यात मला गैर वाटत नाही. दोन्ही क्षण त्याच चौकातले, मिनिटभराच्या अंतराचे. हाच कार्यक्रम बातमी म्हणून वर्तमानपत्राला द्यायचा असता किंवा स्पर्धेला पाठवायचा असता, तर आजींचे डोळे मिटलेलेच गेले असते, कारण तिथे चित्र म्हणजे त्या एका क्षणाची साक्ष असते. त्याच महिन्यात एका शाळेने वर्गाच्या फोटोत गैरहजर मुलगा बसवून द्याल का विचारलं, त्याला मी नाही म्हटलं. तो तिथे नव्हताच.

प्रिंट पोचवायला गेलो तेव्हा आजींनी स्वतः चष्मा काढून, फोटो नाकाजवळ धरून बघितला. "डोळे बरे आलेत," म्हणाल्या. मग बोटाने काचेवर टकटक करून, "पण मी त्या वेळी हसले होते. पोरीने जीभ काढली होती." चिरंजीव माझ्याकडे बघायला लागले. मी पिशवीतून चौथी फ्रेम, पाच बाय सातची, काढून त्यांच्या हातात दिली.